पेन्सिल तुटली

टाचणीला पाठवायचा मेसेज मी जेवणाच्या सुट्टीत लिहायला घेतला आणि माझं जेवण थंड झालं. तसं मला लिहायचा कंटाळा. फ्रेमच्या दुकानात दिवसभर लाकडाच्या पट्ट्या कापणाऱ्या बाईला शब्द जोडायला कोण सांगतं? पण त्या सकाळी पट्टीला काटकोनासाठी गुण्या लावून खूण करताना पेन्सिलीचं टोक मोडलं आणि शाळेत माझ्या बाकावर बसणारी टाचणी आठवली. तिच्या पेन्सिली कायम तुटक्याच असायच्या. दहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, काही नव्हतं. उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता दहा वर्षं निघून गेली.

लिहिलेलं वहिनीला दाखवलं. ती शेजारच्या दवाखान्यात फोन घेते. लोकांशी कसं बोलावं हे तिच्याकडून शिकावं, एवढं मी मानते, तिच्या तोंडावर मात्र मानत नाही.

"हे काय गं?" ती म्हणाली. "माफ कर, वेळच मिळाला नाही, मला फार वाईट वाटतंय, मी किती नालायक... मैत्रिणीला लिहितेयस की पोलिसांना जबाब देतेयस?"

"खरं तेच लिहिलंय."

"असेल. पण हे वाचून ती आधी तुझी समजूत काढत बसणार. असू दे गं, मीही नाही केला फोन, असं. दहा वर्षांनी तिच्या हातात काम द्यायचं का?"

मी चिडले. पण माफीच्या सगळ्या ओळी काढल्या. मग तिने "इतक्या वर्षांत काय काय झालं, सगळं सांग" हेही काढायला लावलं. दहा वर्षांचा हिशोब अंगठ्याने कोण टाइप करणार? "भेटूया का?" हेसुद्धा गेलं. एवढ्यात नाही म्हणायची पाळी तिच्यावर कशाला आणायची? आधी तू कोण ते सांग, मग आठवण कशाने आली ते, आणि शेवटी तिला मोकळं सोड, असं वहिनीचं म्हणणं. शिवाय पाठवायचा तो दिवसाढवळ्या. अवेळी जुना नंबर दिसला की माणसाला वाटतं, कोणीतरी गेलं.

एवढं उरलं:

"टाचणे, मी भोपू. आज दुकानात पेन्सिल तुटली आणि तुझी आठवण आली. एकटीच हसत बसले. मजेत असशील असं वाटतं. उत्तराची घाई नाही."

पाठवला. नंबर तिचाच असेल की नाही, याची धाकधूक होती. थोड्या वेळाने दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही. घाई नाही असं मीच लिहिलं होतं, तरी माझा जीव टांगणीला लागला. मग राग आला. वाचलं आणि गप्प! निदान हसरा चेहरा तरी टाकायचा. वहिनीच्या नावाने मी दोन काचा जरा जास्तच जोरात पुसल्या. खरं सांगायचं तर रडू येत होतं. टाचणी मला परत हवी होती आणि तिला मी नको होते, असंच वाटत होतं.

संध्याकाळी दुकानाचं दार ढकलून एक बाई आत आली. धापा टाकत होती, ओढणी खांद्यावरून सुटली होती. केस पांढरे झाले होते, पण उभी राहायची ती तशीच, सरळसोट.

"काय झालं?" टाचणी म्हणाली. "दुकान अजून तेच असेल म्हणून थेट इकडेच आले. दोन बस बदलल्या, त्यातली एक बंद पडली. घरचे ठीक आहेत ना? तू ठीक आहेस ना?"

"मी? मला काय झालंय?"

"पेन्सिल तुटली म्हणालीस ना?"

मी टेबलावरची मोडकी पेन्सिल उचलून दाखवली. ती पेन्सिलीकडे पाहत राहिली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेत आमचा नियम होता. एकीने "पेन्सिल तुटली" म्हटलं की दुसरीने काही न विचारता शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे यायचं. रडायचं असलं की आम्ही असं म्हणायचो. नियम माझाच होता.

टाचणी हसायला लागली. हसता हसता स्टुलावर बसली आणि डोळे पुसू लागली.

"आई गेली ना, तेव्हा मी तुला लिहिलं होतं," ती म्हणाली. "एवढंच, पेन्सिल तुटली. पण पाठवलं नाही. वाटलं, तुझ्या लक्षात नसलं तर?"

तिची आई गेल्याचं मला आत्ता कळत होतं. लक्षात होतं, असं म्हणता आलं असतं. पण माझ्या हातातली मोडकी पेन्सिल तिला दिसत होती, म्हणून म्हणता आलं नाही.

"टाचणे, मला माफ..."

"ए भोपू, ते नको," ती म्हणाली. "टोकयंत्र आहे का? दे इकडे."

मी दिलं. ती मान खाली घालून टोक काढत बसली आणि मी तिच्याजवळ दुसरं स्टूल ओढलं. त्या दिवशी तिने पाठवलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत होतं. मी लिहिलं असतं, "मग नवी घे की!"