डोळ्याला कॉम्प-ऑफ नसतो

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते नेहाच्या घरात तंतोतंत खरं होतं. तळवड्याच्या दवाखान्यात मोठमोठे आयटीवाले तिच्यासमोर मशीनवर निमूट हनुवटी टेकवायचे आणि "मॅडम, सांगाल तसं" म्हणायचे. आणि इकडे देहूरोडला, घरात, तिची सख्खी नणंद मिनल तिचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची. नेहा ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्यांचं शिकून आलीय, हे जगाला पटलं होतं. घराला पटायचं बाकी होतं.

मिनल चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होती. ब्रेकच्या कास्टिंगचा तुकडा उचलायचा, दिव्याखाली फिरवायचा, केसाएवढी चीर दिसली तर लाल क्रेटमध्ये टाकायचा, नाही दिसली तर आपला शिक्का मारून पुढं सोडायचा. पॅकिंगमध्ये कित्येक वर्षं खोकी चिकटवून ती या टेबलापर्यंत पोचली होती. आणि नेमका तिथंच घात झाला. कंपनीत नजरेची परीक्षा झाली, नमुन्याच्या ट्रेमधला एक चिरलेला तुकडा मिनलनं चांगला म्हणून सोडला. तिच्या विभागाच्या निरंजन सरांनी आवाज न चढवता सांगितलं, दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा, तेव्हाही चुकलीस तर परत पॅकिंगला.

त्या संध्याकाळी मिनल घरी येऊन जेवलीच नाही. सासूबाई, म्हणजे सरूबाई, कंपनीवाल्यांचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार करत बसल्या. नेहानं मात्र दुसऱ्या दिवशी नणंदेला दवाखान्यात नेलं आणि मशीनसमोर बसवलं. मिनलच्या डोळ्यांचा नंबर जुनाच होता. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नव्हता. उभ्या बाजूनं जास्त वळलेला, आडव्या बाजूनं कमी. याला सिलिंडरचा नंबर म्हणतात. चष्मा होता, पण त्याच्यावर कंपनीचा सेफ्टी गॉगल चढवला की दोन्ही काचांवर वाफ धरायची. म्हणून तिनं कुठल्याशा दुकानातून सिलिंडरच्या सॉफ्ट लेन्स आणल्या होत्या.

"पापणी मिट. उघड. आता अक्षर कसं दिसतंय?"

"स्पष्ट... नाही, पुसट झालं. आता परत स्पष्ट."

"झालं तर मग! अगं, या लेन्सचा नंबर एका ठरावीक दिशेला असतो. लेन्स डोळ्यावर फिरली की दिशा चुकली. कित्येकांना ती नीट बसते, पण तुझ्या पापण्या घट्ट, दर उघडझापीला तिला ढकलतात. तू तुकडा बघतेस कशी, नशिबानं?"

नेहानं तिला कडक लेन्स सुचवल्या. आरजीपी म्हणतात त्यांना, हवा आरपार जाऊ देणाऱ्या, पण आकार न सोडणाऱ्या. मिनलनं तोंड वाकडं केलं. नेहानं मग तिच्याच कारखान्याच्या भाषेत समजावलं. "हे बघ, पोचा आलेल्या गाडीच्या दारावर नुसता पातळ कागद चिकटवला तर कागदपण पोच्यासारखाच बसणार ना? सॉफ्ट लेन्स तशी. कॉर्नियाचा आकार असेल तशी बसते, म्हणून तिच्यातच वेगळा नंबर घालावा लागतो. कडक लेन्स वाकत नाही. ती आणि डोळा यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यात तुझेच अश्रू भरतात. गॅरेजवाला पोच्यात लांबीची पुट्टी भरून पत्रा सपाट करतो ना, तसं. उजेडाला पुढचा भाग एकदम गुळगुळीत गोल मिळतो. आणि लेन्स गोलच, त्यामुळं फिरली तरी बिघडत नाही."

"मग आधीच का नाही दिलीस?"

"तू विचारलंस कधी?" नेहा म्हणाली.

माप घेऊन बनवलेल्या लेन्स आल्या. पहिल्यांदा घातल्यावर मिनलच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मान वर करून, नाकाच्या शेंड्यावरून बघत, ती "वहिनी, वाळू घातलीस काय!" म्हणून ओरडली. नेहानं सगळं सांगितलं. पापणीला लेन्सची कड लागते, पापणीला सवय नाही, म्हणून टोचतं. पहिल्या दिवशी थोडेच तास, घरी, कामावरून आल्यावर. मग रोज थोडं थोडं वाढवायचं. रोज म्हणजे रोज, खंड नाही. पूर्ण सवय होईपर्यंत लाइनवर घालायच्या नाहीत, सवय झाली की गॉगल लावूनच. नळाच्या पाण्यानं धुवायच्या नाहीत. झोपताना काढायच्या. मिनल प्रत्येक वाक्याला "हो गं" म्हणाली. हे "हो गं" नेहाला चांगलं ओळखीचं होतं.

दोनेक आठवड्यांनी नेहानं तिला तपासणीला बोलावलं. मिनल लेन्स घालून आली ती डोळे लालभडक करून.

"अजून टोचतं?"

"पहिल्या दिवसासारखंच. मला नाही जमणार, वहिनी. आई म्हणते तेच खरं, डोळ्यात काच घालायची असते का कुणी?"

नेहानं डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात लेन्स पाहिली. बसली होती सुरेख, कुठं दाबत नव्हती, पापणीबरोबर थोडी हलत होती, हवी तशी. पण बुबुळाच्या दोन्ही कडांना कॉर्निया कोरडी पडून खरवडली होती. ही पोरगी टोचू नये म्हणून पापण्या अर्ध्याच मिटत होती. तेवढ्यानं इतकं होत नाही, नेहाला कळेना. लेन्स चांगली, फिटिंग चांगलं, मग सवय का होत नाही?

"काल किती तास घातल्या?"

"काल? काल नाही घातल्या. काल सेकंड शिफ्ट होती."

"परवा?"

"परवापण नाही." मिनलनं मान ताठ केली. "पण तू काळजी करू नकोस, मी तास भरून काढते ना. आठवडाभर जेवढे राहतात तेवढे सगळे रविवारी. सकाळी घालते ते रात्रीपर्यंत, मधे काढतसुद्धा नाही. आमच्याकडं कॉम्प-ऑफ असतो तसा. सुट्टी साठवायची आणि एकदम घ्यायची. तास एकूण तेवढेच होतात, वाटलं तर मोज."

नेहानं हातातला टॉर्च टेबलावर इतक्या जोरात ठेवला की बाहेर बसलेली रिसेप्शनची रुपाली डोकावून गेली.

"अगं माझे आई! डोळा म्हणजे तुझी एचआर आहे का? सहा दिवस पापणीला लेन्स दाखवायची नाही आणि सातव्या दिवशी दिवसभर कॉर्नियावर बसवायची? दर रविवारी तुझा पहिलाच दिवस असतो! सवय रोज थोडं थोडं लागून होते, सहा दिवसांचं एका दिवसात होत नाही. डोळ्याला कॉम्प-ऑफ नसतो, मिनल! अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

"मग असं नीट सांगायचं ना!"

"सांगितलं होतं! 'रोज म्हणजे रोज' हे मराठीच होतं ना, का जर्मन होतं?"

मिनलचा चेहरा पडला. परीक्षा तोंडावर आलेली. ती हळूच म्हणाली, "आता काय गं? गेलं का सगळं?" नेहाला राग आवरेना आणि तिचं पडलेलं तोंडही बघवेना. तिनं ओठ आवळले आणि पुन्हा सगळं शिकवायला बसली. आधी खरवडलेलं भरून येईपर्यंत लेन्स बंद. मग पहिल्यापासून सुरुवात. आरशासमोर बसून पापण्या पूर्ण मिटायचा सराव. आणि या खेपेला लेन्स घालायच्या त्या नेहाच्या डोळ्यांदेखत.

मग घरात जो तमाशा सुरू झाला तो विचारू नका. मिनल कुठल्या शिफ्टहून येईल त्याप्रमाणे नेहा आरसा घेऊन तयार. धम्मरत्न, म्हणजे नेहाचा नवरा, बिचारा बहीण आणि बायको यांच्या मधून ताट घेऊन वाट काढायचा. सरूबाईंचं वेगळंच.

"पोरीच्या डोळ्यांतनं पानी गळतंय आन् तू म्हनतीस सवय व्हईल? काढ म्हनते ती काच!"

"आई, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही बोललात की ही लगेच काढते."

"मी काय न्हाई बोलत. मी आपली भाकरी करते." आणि भाकरी थापता थापता त्या अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं पुटपुटायच्या. नेहाला वाटायचं, दवाखान्यातले दहा हट्टी पेशंट बरे, पण हे एक घर नको रे बाबा.

पण हळूहळू धारा कमी झाल्या. मान वर करून बघणं थांबलं. मग एका संध्याकाळी मिनल लेन्स घातल्याचं विसरली. दारात उभी राहून तिनं समोरच्या टेम्पोवरची बारीक अक्षरं वाचली, पापणी मिटली, पुन्हा वाचली. अक्षर जागचं हललं नाही. ती नेहाकडं वळली आणि नुसती हसली. नेहा म्हणाली, "हसू नकोस. वेळ झाली, काढ."

त्यानंतर ती गॉगलखाली लेन्स घालून कामावर जाऊ लागली, आणि परीक्षेचा दिवस आला. कंपनीत मोबाइल गेटवर जमा करतात, त्यामुळं नेहाला दिवसभर काही कळेना. पेशंटच्या डोळ्यांत बघताना तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं. शिफ्ट सुटली, तरी फोन नाही. कंपनीची बस देहूरोडला येऊन गेली असेल, तरी नाही. नेहा स्वतःशीच चरफडली. नापास झाली असेल तर सांगायला तोंड आहे ना? आणि पास झाली असेल तर एक फोन करायला हिचं काय जातं?

दिवेलागणीला फोन वाजला.

"पास झाले, वहिनी. ट्रेमधलं एकही चुकलं नाही."

"अगं मग आधी नको सांगायला! जीव टांगणीला लागला होता माझा! आहेस कुठं तू?"

"कंपनीतच, सरांच्या टेबलावरच्या फोनवरून बोलतेय. थांबले. ट्रेमध्ये तो तुकडा होता. मागच्या वेळी मी सोडलेला. वहिनी, त्याच्यावर चीर आहे गं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तोच हातात धरून, दिव्याखाली फिरवून चांगला म्हटलं होतं."

"तेव्हा लेन्स फिरत होती. आता दिसतंय ना? झालं तर."

"झालं कसं? मी तेव्हा रोज शिक्के मारत होते." तिचा आवाज घसरला. "स्पेअरचा एक लॉट स्टोअरमध्ये पडून होता, माझ्या शिक्क्याचा. मी निरंजन सरांना म्हटलं, उघडा. सगळे वैतागले माझ्यावर. पास झालीस ना, आता गप बस म्हणाले. मी नाही बसले. आम्ही उघडला."

"मग?" नेहानं विचारलं.

"दोन निघाले, वहिनी. ब्रेकचे तुकडे. दोन्हीवर माझाच शिक्का. आधीचे लॉट कधीच गिऱ्हाइकाकडं गेलेत. सर आता त्यांची विचारणा करणार आहेत."

फोनवर हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. नेहा इतके दिवस टोचतं का, पाणी येतं का हेच विचारत आली होती, तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"डोळ्यांतून पाणी येतंय का? टोचत असेल तर लेन्स काढ आधी."

"लेन्सचं नाही गं," मिनल म्हणाली. "लेन्स काढू नको म्हण. अजून अर्धा लॉट बघायचा राहिलाय."