आधी पत्ता

उलुकबेकनी अट घातली होती ती एवढीच: तीन ओळी. पहिलीत आजवर काय केलंस, दुसरीत त्याचा पुरावा, तिसरीत ते आमच्या काय कामाचं. चौथी ओळ दिसली तर पुढचं वाचणार नाही. शुक्रवारपर्यंत पटलं, तर मुलाखतीच्या यादीत नाव घालेन.

बुरुलचा नावाची बाई बिश्केक शहरात रुग्णवाहिकेच्या फोनवर एकोणीस वर्षं बसत होती. आता कान सतत वाजायचे, आणि घरचा फोन आला तरी तोंडातून आधी “पत्ता?” निघायचा. बिघाडाच्या तक्रारी घेऊन माणसं धाडणारी जागा एका संगणक कंपनीत निघाली होती. उलुकबेक तिथले साहेब. तेही पूर्वी ट्रॉलीबसच्या डेपोत होते, म्हणून क्षेत्र बदलणाऱ्यांना वाट दाखवायचे. ही जागा गेली तर त्रेचाळिसाव्या वर्षी दुसरी कोण देणार, हे बुरुलचाला पक्कं ठाऊक होतं.

तिने लिहायला घेतलं. पण वडीलधाऱ्या माणसाला पत्र लिहायचं आणि तब्येत विचारायची नाही? मग मुलंबाळं आली, सुनेचं बाळंतपण आलं, गाडीला बर्फात चालणारी हिवाळ्याची चाकं चढवली का हेही आलं. मुद्द्याला येईपर्यंत सव्वीस ओळी झाल्या होत्या. नवरा असनकुल खांद्यावरून वाचत होता.

“यांच्या म्हशीची चौकशी राहिली,” तो म्हणाला.

“त्यांच्याकडे म्हैस नाहीये.”

“मग तेवढीच एक ओळ वाचली म्हणायची.”

तिने सगळं पुसलं आणि इंटरनेटवरून अक्कल उसनी घेतली. “तणावपूर्ण वातावरणात बहुस्तरीय संवादाचे प्रभावी व्यवस्थापन” असली तीन वाक्यं जुळवली. प्रत्येकात पाच-पाच स्वल्पविराम कोंबले, म्हणजे कायद्याने ओळी तीनच. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पाठवूनही दिलं. तासाभरात उत्तर आलं: “ही बाई कोण? मी हिला ओळखत नाही. तूही ओळखत नसशील. परत लिही.”

शरमेने तिचे कान तापले. एकोणीस वर्षांत आपल्याला फोन उचलण्यापलीकडे काही आलंच नाही, अशी तिची खात्रीच पटली.

शुक्रवारी सकाळच्या पाळीत एका म्हातारीचा फोन आला. “कशी आहेस बाळा? मुलं बरी आहेत ना? कामाचा फार ताण नाही ना?” म्हातारी रिवाज पाळत होती. असे फोन रोजच यायचे. घरात माणूस पडलेला असला तरी इथली म्हातारी माणसं विचारपूस केल्याशिवाय बोलत नाहीत.

“आपा, आम्ही सगळे ठणठणीत,” कुठल्याही म्हातारीला म्हणतात तसं आपा म्हणत बुरुलचाने मधेच तोडलं. “आधी पत्ता सांगा.”

म्हातारीने सांगितला.

“काय झालं?”

“आमचे हे पडले.”

“श्वास चालू आहे?”

चालू होता. गाडी निघाली. मिनिटही लागलं नव्हतं. बुरुलचाने फोन ठेवला आणि समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. जगभराच्या म्हाताऱ्यांकडून आपण तीन ओळी काढून घेतो, आणि स्वतः सुनेच्या बाळंतपणात अडकलो होतो. तिला हसू आलं, पण ते पुरतं येण्याआधी आई आठवली.

सहा वर्षांपूर्वी वडील कोसळले तेव्हा आईचा फोन याच टेबलावर आला होता. आईने विचारपूस सुरू केली. बुरुलचाने आवाज ओळखला, तरी सवयीने म्हणाली, “आपा, आधी पत्ता.” आणि आईने पोटच्या मुलीला स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला, घर क्रमांकासकट. वडील वाचले. पण तेव्हापासून आई फोनवर आधी विचारते, “बोलू, की पत्ता सांगू?” सगळे हसतात. बुरुलचाही हसते, आणि तिला दर वेळी ते लागतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने लिहिलं.

“एकोणीस वर्षं घाबरलेल्या माणसांकडून पत्ता, काय झालं आणि श्वास चालू आहे का, हे मिनिटभरात काढून घेते.

एका पाळीत शंभरावर फोन. गाड्या कमी असतात तेव्हा कोण थांबू शकतं ते ठरवते, आणि थांबणाऱ्याला पुन्हा फोन करून गाडी कुठवर आली ते सांगते.

तुमची यंत्रणा बंद पडली की लोक असेच घाबरून फोन करतील. यंत्रांतलं मला काही कळत नाही, ते शिकेन, माणसांचं शिकवावं लागणार नाही.”

सलाम नाही, तब्येत नाही. उद्धटपणाची हद्द झाली असं वाटून तिने डोळे मिटून पाठवलं.

उत्तर आलं: “आता ओळखलं. यादीत नाव घातलं. मुलाखत सोमवारी दहाला.”

त्यांनीही सलाम केला नव्हता, याचा तिला क्षणभर रागही आला.

पाळी संपल्यावर तिने आईला फोन लावला. आज सगळं रीतसर करायचं ठरवलं होतं. तब्येत विचारली, गुडघे विचारले, वडिलांची भूक, शेजारणीचा खोकला, जर्दाळूच्या झाडाला थंडीसाठी फडकी गुंडाळली का, एकेक विचारत गेली. आईही एकेक सांगत गेली. बोलता बोलता बुरुलचाचा आवाज कापायला लागला.

आईने लेकीला मधेच तोडलं.

“बुरुल, कुठे आहेस तू? काय झालं? श्वास घे बघू नीट.”