काढलेली कांडी

गीझर गळायला लागला की लोक आधी कंपनीला शिव्या देतात, मग पाण्याला, आणि दोघांपैकी कुणीच समोर सापडलं नाही की मिस्त्रीला. तीस वर्षं मी त्या खातोय. आता पाठ दुखते, शिव्यांचं काही वाटत नाही.

अप्पांचं घर मात्र वेगळं. निवृत्त मास्तर, आमच्या कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन. ‘गीझरचं केरबाला विचारा,’ असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझं जे काही नाव आहे ते त्यांच्यामुळं. म्हणून परवा सकाळी त्यांच्या बाथरूममध्ये टाकीच्या तळातून तांबूस पाणी ठिबकताना पाहिलं आणि आधी हेच आठवलं: माझ्या सल्ल्यानं घेतलेली ही दुसरी टाकी.

पहिली स्टीलची होती. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात थोडं खारट. स्टील गंजत नाही म्हणून मीच घ्यायला लावली होती. त्या खारटपणानं तीन वर्षांत वेल्डिंगच्या कडेला सुईएवढी भोकं पाडली. मग मी म्हणालो, आतून काचेचा लेप दिलेली लोखंडी घ्या. ती पाच वर्षांत गेली.

“आता तांब्याचीच आण,” अप्पा दारात उभे राहून म्हणाले. “आमच्या वडलांचा बंब चाळीस वर्षं चालला.”

“बंबाला पाण्याचा दाब न्हवता, अप्पा. आन् दर दिवाळीला काकू चिंच लावून घासत हुत्या की. गीझरच्या टाकीत हात कोण घालणार? तांबं लोखंडासारखं गंजत न्हाय, खरं हाय. पर क्षार त्येच्यातबी साठतोय आन् हीटरवरबी बसतोय. शिवाय तसली टाकी बाजारात शोधत हिंडाय लागंल.”

“मग राहिलं काय? स्टील गेलं, काच गेली.” अप्पा थकून स्टुलावर बसले. “पाणीच वाईट. तू तरी काय करणार, केरबा.”

मला नुसती मान हलवायची होती. पण एक खोड आहे, जुनी टाकी खोलून बघितल्याशिवाय मी नवीन लावत नाही. वीज बंद केली, टाकी उतरवली, खालची प्लेट सोडली. ओंजळभर पांढऱ्या खपल्या बाहेर पडल्या. हीटरवर तर चुन्याचा गिलावाच. बॅटरी मारून आत बघितलं, लेपाला जागोजागी बारीक चिरा आणि त्यांतून गंजाचे ओघळ. टाकीऐवजी स्वतः गंजायला आत बसवलेली असते ती मॅग्नेशियमची कांडी शोधली. तिच्या जागी पितळी बूच होतं, आट्यांवर टेप आणि टेपवर तागाचे दोन वेढे दिलेलं.

असं बूच बसवणारा कॉलनीत एकच शहाणा आहे.

चार वर्षांपूर्वी अप्पा-काकू महिनाभर लेकीकडं जाऊन आले, तेव्हा गरम पाण्याला कुजकट वास मारत होता. काकूंना आंघोळ करवेना. आमच्या पाण्यात कांडीमुळं असा वास सुटतो, म्हणून मी ती काढली आणि भोक बुजवलं. दोन दिवसांत वास गेला. काकूंनी पोहे खायला घातले आणि गल्लीभर माझं कौतुक केलं. पण कांडी असते ती झिजण्यासाठीच. लेपाच्या चिरेतून पाणी लोखंडाला खायला जातं, ते आधी तिला खातं. वर्षा-दीड वर्षानं ती बदलायची, एवढंच. ॲल्युमिनियमची आणून लावीन, तिला वास कमी, असं तेव्हा ठरवलं होतं. विसरलो.

“अप्पा, पाण्याचा दोष न्हाय,” मी बूच त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटली, फार वाटली.

दाराआडून काकू म्हणाल्या, “अरे, पण मीच सांगितलं होतं ना तुला.”

“तुमी वास घालवाय सांगितलंत, काकू. कांडी मी काढली.”

अप्पांनी बूच बोटांत फिरवून पाहिलं. “मग आता कुठली टाकी?”

“काचेचीच. ॲल्युमिनियमच्या कांडीसकट. आन् दरसाल मी खोलून बघणार, क्षार काढणार.”

“आणि बाकीच्या घरांत?”

तोच प्रश्न मला नको होता. काकूंचं कौतुक ऐकून त्या हिवाळ्यात अकरा घरांनी त्याच वासासाठी मला बोलावलं होतं. अकरा कांड्या, अकरा बुचं. सगळ्यांनी हसून चहा पाजलेला.

“समद्यांच्या काढल्यात,” मी म्हणालो. “आज न्हाय, उद्या जातो, अप्पा. लई दमलोय.”

अप्पा उठले, खुंटीवरची टोपी घातली, चपला पायांत सरकवल्या. “चल. तुझं नाव त्यांना मी सांगितलं होतं.”

पहिल्या घराची बेल अप्पांनी वाजवली. दार उघडल्यावर बोलायचं मात्र मलाच होतं.