दात खालचा की वरचा

कोल्हारच्या कानिफनाथाची निम्मी हयात बैलांच्या तोंडात बोटं घालण्यात गेली होती. लोणीच्या बुधवारच्या बैलबाजारात तो दलाली करायचा. बैलाचा ओठ खाली ओढला की दोन दाती, चार दाती की सगळे दात येऊन जुळलेला, हे तो बघता बघता सांगे. एखाद्याने म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीने घासून त्याला तरणा केला असेल, तर तेही त्याच्या बोटांना कळे. या धंद्याने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. जो माणूस फार गोड बोलतो, त्याच्या दावणीला काहीतरी खोट असते.

शेहेचाळीस सालच्या फाल्गुनात, एका रविवारी, भाकरीचा तुकडा डाव्या बाजूला चावताना त्याच्या जबड्यातून कळ निघाली ती थेट कानापर्यंत. पाणी प्यायला गेला तर कळ दुप्पट झाली. त्याने बायकोला हाक मारली.

"साळू, खालची डावी दाढ गेली बघ."

साळूबाईने वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि गालाला लावायला दिली. शेकाने बरं वाटेल म्हणून त्याने ती दाबून धरली, पण दाढ अशी ठणकायला लागली की वीट त्याने अंगणात फेकली. मग मिश्री भरली. तोंड बधिर झालं, पण दाढ काही बधिर झाली नाही. आडवं झालं की ठणका वाढायचा, उठून बसलं की जरा उतरायचा, म्हणून सारी रात्र त्याने भिंतीला पाठ लावून काढली.

सोमवारी सकाळी गनीभाई दारात आला. गनीभाई म्हणजे कानिफनाथासारखाच बैलांचा दलाल. दोघांची ओळख वीस वर्षांची आणि चढाओढही तितकीच जुनी. राहुरीकडचा एक शेतकरी येत्या बुधवारी खिल्लार जोडी बाजारात आणणार होता. त्या जोडीच्या दलालीवर दोघांचाही डोळा होता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

कानिफनाथाचा हातावर टेकलेला गाल बघून गनीभाई म्हणाला, "मी आता नगरला चाललोय. माळीवाड्याजवळ दाताचे डाक्टर बसत्यात, खिस्ती म्हणून. पुण्याहून येत्यात, सोमवार आन् बुधवार. गेल्या साली माझा दात त्यांनीच काढला. तुझी येळ ठरवून येऊ?"

"आजच येतो की तुझ्यासंगं."

"ये की. पर तिथं सोमवारी रांग असती. चिठ्ठी न्हाई त्याला संध्याकाळी परत धाडत्यात. बघ, यायचं तर चल."

मोटारीत तीन तास हादरे खायचे आणि परत फिरायचं, या विचारानेच कानिफनाथाची दाढ ठणकली. तो घरीच राहिला. गनीभाई संध्याकाळी परतला, चिठ्ठी घेऊन.

"बुधवारी सकाळी धा वाजता. डाक्टरांनी तवर काय करायचं तेबी सांगितलंय. ऐक."

बुधवार! सकाळी रांगेचं सांगून घरी बसवलं, आणि आता नेमका बुधवारच? कानिफनाथाने गनीभाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जसा तो विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाही. तिथे काही दिसलं नाही. हेच जास्त संशयाचं होतं.

गनीभाई मात्र साळूबाईला सांगत होता, "वयनी, कोमट पाण्यात मीठ टाकून दिसातून चार-पाच येळा चूळ भरायची. लवंगेचं तेल कापसाला थेंबभर लावायचं आन् फकस्त दाढेवर ठेवायचं, हिरडीला लागलं तर भाजतं. शेक द्यायचा न्हाई. पाहिजे तर गार पाण्याची घडी गालावर ठेवायची. मिश्री-तंबाखू बंद. निजताना डोकं उंच. ह्या ॲस्पिरीनच्या गोळ्या, जेवल्यावर एकेक पाण्यासंगं गिळायची. दाढेपाशी दाबून ठेवायची न्हाई, लोक ठेवत्यात आन् हिरडी पांढरी पडती."

"आन् सूज आली तर?" साळूबाईने विचारलं.

"गाल सुजून डोळ्याकडं नाहीतर गळ्याकडं उतरला, ताप आला, तोंड उघडंना नाहीतर गिळता येईना, तर बुधवारची वाट बघायची न्हाई. तसंच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. डाक्टरांनी दोनदा बजावलंय."

गनीभाई गेल्यावर कानिफनाथ म्हणाला, "लई काळजी हाय गं याला माझी."

"मग वाईट काय त्यात?"

"बुधवारी मी नगरला, आन् जोडी लोनीला. वाईट काय ते मी सांगू?"

साळूबाईने मीठ-पाण्याचा तांब्या पुढे केला. तो वास घेऊन मगच त्याने चूळ भरली. लवंगेचं तेल लावलं तेव्हा पहिल्यांदा थेंब जास्त झाला आणि हिरडी चरचरली. "बघ, जाळायचा बेत हाय," तो ओरडला. दुसऱ्यांदा साळूबाईने कापसाचा बोळा पिळून दाढेवर टेकवला. थोड्या मुंग्या आल्यासारखं झालं. ठणका मात्र गेला नाही, कुठेतरी आत तसाच राहिला. गोळीने मात्र दोन घटका डोळा लागला. सूज नव्हती, ताप नव्हता. साळूबाई दर थोड्या वेळाने त्याच्या कपाळाला हात लावून बघे आणि तो दर वेळी विचारी, "का, काय झालं?"

मंगळवारी दुपारी तो प्रवरेच्या घाटावर गेला. तिथे एक फिरता वैदू दात काढायला बसला होता. बुधवार चुकवायचा असेल तर हाच उपाय. कानिफनाथाने खालच्या दाढेवर बोट ठेवलं.

"ही?" वैदूने विचारलं.

"व्हय."

"हीच हाय. साफ किडलीया. बसा, आत्ता उपटतो."

वैदूने फडक्यातून चिमटा काढला. कानिफनाथाने तो हातात घेऊन उलटापालटा केला. खाचेत जुनं रक्त काळं होऊन बसलं होतं. आणि वैदूने तोंडात नीट पाहिलंही नव्हतं. बाजारात असे लोक त्याने पुष्कळ पाहिले होते. गिऱ्हाईक म्हणेल त्याला हो म्हणायचं आणि व्यवहार उरकून मोकळं व्हायचं. "येतो मागनं," असं म्हणून तो उठला तो थेट घरी आला.

आता बुधवार टळणार नव्हता.

पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने तो निघाला. दवाखाना माळीवाड्याजवळ एका दुकानाच्या माडीवर होता. डॉक्टर खिस्ती तिशीचे, सडपातळ. खोलीत उंच पाठीची लोखंडी खुर्ची, मान टेकायला गादी, बाजूला शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं एक यंत्र. स्पिरिटच्या शेगडीवर भांड्यात हत्यारं उकळत होती. त्या उकळत्या हत्यारांकडे बघून कानिफनाथाला जरा हायसं वाटलं. यंत्राकडे बघून वाटलं नाही.

डॉक्टरांनी आधी तोंडाला हातच लावला नाही. वहीत लिहीत विचारत राहिले. कधीपासून दुखतं? गारने की गरमने? दुखणं लगेच थांबतं की रेंगाळतं? रात्री झोपेतून उठवतं का? हृदयाचा काही त्रास? कापलं तर रक्त लवकर थांबतं का? कधी सुई टोचून घेतली, तर चक्कर आली का? कोणती गोळी घेतली?

"ॲस्पिरीन. काल दोन, आज पहाटे एक," कानिफनाथ म्हणाला. "एवढं कशाला इचारता? दाढ समोर हाय."

"ॲस्पिरीनने रक्त जरा जास्त वेळ येतं. माहीत असलेलं बरं. आता तोंड उघडा. कोणती दुखते?"

त्याने खालची दाखवली. डॉक्टरांनी लांब दांड्याचा छोटा आरसा घातला आणि बारीक आकड्याने एकेक दात तपासला, खालचे, वरचे, उजवीकडचेसुद्धा. मग आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहिलं. एका शिशीतला गार फवारा कापसावर मारून तो कापूस आधी खालच्या दाढेला टेकवला. गार लागलं आणि क्षणात गेलं. मग वरच्या दाढेला टेकवला. कानिफनाथ खुर्चीतून निम्मा उठला. कळ खालच्या जबड्यात उतरली आणि कितीतरी वेळ तिथेच राहिली.

"तुमची खालची दाढ चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "किडलीय ती वरची. मागच्या बाजूने पोखरलीय, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

"दुखतंय खाली, आन् तुमी वरची काढणार?"

"वरच्या आणि खालच्या दाढांच्या नसा पुढे एकाच नसेला मिळतात. दुखणं कुठून आलं, यात माणूस फसतो."

फसतो! हा शब्द ऐकून कानिफनाथाच्या मनात सगळं जुळलं. गनीभाई, बुधवार, चिठ्ठी, आणि आता हा डॉक्टर चांगली दाढ काढायला निघालेला. तो खुर्चीवरून उतरला.

"गनीभाईनं काय सांगितलंय तुमाला?"

"कोण गनीभाई?" डॉक्टरांनी वही चाळली. "हां, चिठ्ठी नेली ते. त्या दिवशी, सोमवारी, एकही वेळ मोकळी नव्हती म्हणून मी बुधवार दिला. का?"

कानिफनाथ खुर्चीपासून लांबच उभा राहिला. डॉक्टर चिडले नाहीत, क्षणभर विचार करून म्हणाले, "आत्ता ठणकतंय ना? मग असं करू. मी फक्त वरच्या दाढेपाशी सुई देतो. खालचा ओठ, खालची दाढ बधिर होणार नाही, तुम्ही स्वतः चिमटा घेऊन बघा. तरीही खालचा ठणका राहिला, तर मी चुकलो. वरच्या दाढेला हात लावणार नाही. घरी जा."

हा सौदा कानिफनाथाला समजला. तो परत बसला.

सुई टोचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग डॉक्टर घड्याळ बघत थांबले. वरचा गाल लाकडासारखा झाला. कानिफनाथाने खालचा ओठ चिमटीत धरून पिळला. लागलं. खालची दाढ जिभेने चाचपली. ती जागीच होती, जिवंत. आणि ठणका... त्याने मान हलवून पाहिली, दात आवळून पाहिले. तीन दिवसांचा ठणका कुठेच नव्हता.

"गेला," तो अविश्वासाने म्हणाला.

"कुठला गेला?"

"खालचा." मग जरा थांबून, "म्हंजे, वरचा."

डॉक्टरांनी सांगितलं, दाढ इतकी पोखरलीय की भरून टिकणार नाही. काढायची की आज नुसतं औषध भरून विचार करायचा, हे त्याने ठरवावं. कानिफनाथाने काढायला सांगितलं. डॉक्टरांनी आकड्याने हिरडी टोचून आधी बधिर झाल्याची खात्री केली. दाढ हलवताना दाब जाणवला, करकर आवाज डोक्यात घुमला, पण दुखलं नाही. बाहेर आलेली दाढ त्याने हातात घेतली. मागे जोंधळ्याचा दाणा मावेल एवढं काळं भोक होतं.

तासभर कापसाची घडी दाताखाली आवळून ठेवायची, आज चूळ भरायची नाही, जोराने थुंकायचं नाही, बधिरपणा जाईतो काही खायचं नाही, नाहीतर गाल चावला जाईल. मग गार, मऊ. तंबाखू नको. उद्यापासून कोमट मीठ-पाणी. रक्त थांबेना किंवा सूज आली तर लगेच यायचं. डॉक्टरांनी सगळं सांगून शेवटी म्हटलं, "उजवीकडे एक छोटी कीड आहे. ती मात्र भरून वाचेल. पुढच्या सोमवारी या."

तो संध्याकाळी घरी पोचला तेव्हा खबर आधीच आलेली होती. खिल्लार जोडीचा सौदा गनीभाईने जमवला होता. साळूबाईने हे सांगितलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो धास्तीने तासाऐवजी दिवसभर आवळून धरलेली कापसाची घडी थुंकायला निघाला, मग डॉक्टरांचं आठवून ती हळूच बोटाने काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात कोमट पाणी तोंडात धरून बसला होता, तेव्हा गनीभाई आला.

"उतरलं का रे?"

कानिफनाथाने चूळ हलकेच टाकली. "उतरलं. वरची दाढ हुती."

"मग बरं झालं."

"गनीभाई, खरं सांग. बुधवार तू मागून घेतलास का?"

"न्हाई." गनीभाईने खांदे उडवले. "पर डाक्टर बुधवार म्हनले तवा मला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू?"

कानिफनाथाने त्याच्या तोंडाकडे बैलाचे दात बघावेत तसं पाहिलं. मग साळूबाईला म्हणाला, "चहा टाक. माझा गार करून."

आणि गनीभाईला त्याने ओट्यावर बसायला जागा करून दिली.