परतीचा पत्ता

दादा कधी भांडत नाही. म्हणूनच त्याच्याशी भांडताना मला जास्त संताप येतो. मी ओरडते, तो चष्मा पुसतो आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं की चूक माझी.

पण मागच्या महिन्यात चूक माझी नव्हती, निदान मी सगळ्यांना तसंच सांगत होते. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी असते, दुपारी दोनला, दिवसातून एकदाच. त्या दिवशी ती त्यांच्या पोटात दोनदा गेली, एकदा माझ्या हातून आणि एकदा दादाच्या. बाबांना काही आठवत नाही, हातात ठेवलेली गोळी ते मुकाट्याने गिळतात. चार दिवसांनी त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि आठवडाभर दवाखान्यात काढावा लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं झालं तर मेंदूत रक्तस्राव होईल."

मी दवाखान्याच्या जिन्यावर दादाला फाडून खाल्लं. गोळी देतोस आणि सांगत नाहीस, तोंडाला कुलूप आहे का? तो म्हणाला, "वहीत लिहितो मी." वही म्हणे. बाबांच्या उशाशी लोंबणारी, दोऱ्याला पेन बांधलेली ती वही. मी प्रोग्रॅमर आहे, मला वहीचं काय कौतुक. घरी आले आणि सुट्टीच्या दिवसांत बसून एक ॲप लिहिलं. गोळी कोणी दिली, कधी दिली, एवढंच, पण प्रत्येकाच्या फोनवर दिसेल असं.

ॲप चालायचं ते दादाच्या घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. तो कॉलेजच्या लॅबमध्ये सर्व्हर सांभाळतो, म्हणून ते काम त्याच्याकडे दिलं. अडचण पासवर्डची झाली. वहिनी तिसऱ्या दिवशी पासवर्ड विसरली, दिवसा येणाऱ्या नर्सने तो कधी लक्षात ठेवलाच नाही. म्हणून मी ठरवलं की पासवर्डच नको, रोजच्या मेलच्या खात्यानेच आत यायचं. फोनवर ते खातं उघडंच असतं.

उद्या सकाळी मला ऑफिसच्या कामासाठी चार दिवस बाहेर जायचं होतं. म्हणजे हे आजच चालू व्हायला हवं होतं.

माझ्या लॅपटॉपवर ते सुरळीत चाललं. सर्व्हरवर, म्हणजे दादाच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि बटण दाबलं, तर मेल कंपनीच्या पानावर लाल अक्षरांत निरोप: परतीचा पत्ता जुळत नाही.

ही भानगड अशी असते. माणूस आधी मेल कंपनीच्या दारात जातो, तिथे ओळख पटवतो आणि मग कंपनी त्याला ॲपकडे परत पाठवते. परत कुठे पाठवायचं तो पत्ता आधीच त्यांच्याकडे नोंदवावा लागतो. ॲपने मागितलेला पत्ता त्या नोंदीतल्या पत्त्यांपैकी एकाशी तंतोतंत जुळला नाही, तर दार बंद. नियम योग्यच आहे, नाहीतर कोणीही मधल्यामधे माणसाला भलत्याच घरी वळवेल. पण माझा पत्ता जुळत होता. लाल पानावरचा पत्ता मी उचलला, माझ्या नोंदीतल्या पत्त्याशेजारी ठेवला आणि बोट ठेवून वाचला. एका टिंबाचाही फरक नव्हता. नोंद पुसून पुन्हा केली. बदल लागू व्हायला वेळ लागतो म्हणतात, म्हणून अर्धा तास थांबले. पुन्हा तेच लाल पान.

एक वाजता दादा आला. दारातून डोकावून म्हणाला, "जेवलीस का?"

"दिसतंय ना काम चाललंय."

"मी बघू का?"

"तू बाबांकडे बघ. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

मी दार लावून घेतलं.

सव्वादोन वाजता एकदाची अक्कल आली. मी आतापर्यंत फक्त पत्ता वाचत होते. प्रत्येक नोंदीला कंपनी एक ओळख क्रमांक देते, आणि ॲप दारात जाताना तोही सांगतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो दिसत होता, आणि तो माझा नव्हताच. दोन तास मी ज्या यादीत पत्ते घालत होते, ती यादी सर्व्हरच्या बाबतीत कोणी वाचतच नव्हतं.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. दादा कपबश्या विसळत होता.

"सर्व्हरवर कोणाचा क्रमांक टाकलायस?"

"माझा. मागच्या आठवड्यात मीच नोंद केली."

"कोणाला विचारून? माझं ॲप, माझा जीव जातोय दोन तास, आणि तू परस्पर नोंदी करतोस? गोळीचंही हेच केलंस. करायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

त्याने हात पुसले. "मेसेज केला होता."

मी फोन काढला, त्याच्या तोंडावर मारायलाच. मेसेज होता, आठ दिवसांपूर्वीचा. "नोंद मी केली आहे, क्रमांक सर्व्हरवर टाकला. परतीचा पत्ता बदललास तर मला कळव, यादीत घालावा लागेल." मी तो उघडलाच नव्हता. आणि परवा कोड आवरताना मीच परतीचा पत्ता बदलला होता. मग स्वतःची वेगळी नोंद केली होती, दादाला न सांगता.

राग होता तिथेच होता, त्याला फक्त जायला जागा राहिली नव्हती.

दादाने माझ्याकडून नवा पत्ता घेतला, फोनवरूनच आपल्या यादीत घातला आणि म्हणाला, "पाच मिनिटांनी बघ."

घड्याळात दोन पंचवीस झाले होते. गोळीची वेळ टळून गेली म्हणून मी पुन्हा चरफडले, पट्टीतून गोळी काढली आणि पाण्याचा पेला घेऊन बाबांच्या खोलीत गेले. ते उठून बसले. नेहमीसारखा तळहात पुढे केला.

"थांबा हं बाबा, एक बघते." पेला ठेवला, गोळी डाव्या मुठीत धरली आणि उजव्या हाताने फोनवर बटण दाबलं. मेल कंपनीचं पान आलं, गेलं आणि या वेळी मला माझ्या ॲपमध्ये परत सोडलं. वर माझं नाव होतं. खाली आजच्या तारखेसमोर एक ओळ आधीच आलेली होती.

गोळी दिली. दोन वाजता. दादा.

नवा पत्ता लागू होताच, माझ्याआधी तो आत जाऊन नोंद करून आला होता. बाबांचा तळहात अजून तसाच पुढे होता.

मी उशाजवळची वही ओढली. आजच्या पानावर त्याच्या बारीक अक्षरात तेच लिहिलेलं होतं. मग मी मागची पानं उलटत गेले. गेल्या महिन्यातली ती तारीख सापडली. "दु. २.०० गोळी दिली." त्या दिवशी मी ऑफिसातून धावत तीन वाजता आले होते. आल्याआल्या बाबांना गोळी दिली होती, आणि वहीकडे बघितलंही नव्हतं.

दादा दारात उभा होता.

"दुसरी गोळी मी दिली होती," मी म्हणाले.

"माहितीय."

"मग जिन्यावर बोलला का नाहीस?"

"बोललो की. वहीत लिहितो म्हणालो."

मी मूठ उघडली. गोळी घामाने विरघळायला लागली होती, तळव्यावर पांढरा डाग पडला होता. बाबा तो डाग बघत होते.

"देतेस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "दादाने दिलीय."