मधला चौथरा

हरीशचं लक्षण दमयंतीबाईंना काही ठीक दिसत नव्हतं. चाळिशी उलटलेला, न्यूझीलंडमधल्या अप्पर हटहून रोज ट्रेनने वेलिंग्टनला जाणारा, ऑफिसात हाताखाली माणसं वागवणारा मुलगा. पण घरी आला की फोन घेऊन आईभोवती घिरट्या घालायचा. मेथी निवडताना फोटो, अंबाडा घालताना फोटो, कवळी काढून बसल्या असतानाही फोटो. "आई, हनुवटी जराशी वर. आता खिडकीकडे बघ. आता डोळे मीट."

डोळे मीट म्हटल्यावर बाईंच्या मनात पाल चुकचुकली. जित्या माणसाला कोण डोळे मिटून फोटोला बसवतं?

"नीलांबरी," त्यांनी सुनेला गाठलं, "मला कुठल्या आश्रमात टाकायचा बेत असेल तर तोंडावर सांगा. मी बॅग भरायला कुणाची मदत घेणार नाही."

नीलांबरी फार्मसीतून नुकतीच परतली होती. पायातले बूटही निघाले नव्हते. "आई, काहीतरीच! हौस आहे त्यांना."

"हौस असती तर साडी आणली असती. फाटक्या गाउनमध्ये फोटो काढणाऱ्याला हौस म्हणत नाहीत."

सून हसली, पण नजर चुकवून हसली. ती चुकवलेली नजर बाईंनी पदराला गाठ मारावी तशी मनात बांधून ठेवली.

चौथीपर्यंत शिकलेल्या दमयंतीबाई नवरा गेल्यावर चिंचवड सोडून इथे आल्या, तेव्हा गावात मराठी देव एकही नव्हता. त्यांनी हरीशची गाडी पावसात उभी केली, गॅरेज झाडून घेतलं, माहेरून आणलेली पितळी अंबाबाई मांडली आणि गुरुवारचं भजन सुरू केलं. कोणी नर्स, कोणी कॉम्प्युटरवाली, कोणी नुसतीच नवऱ्यामागे आलेली. सगळ्या तिथे यायच्या. आरती झाली की ज्या बाईची पाळी तिने प्रसाद करायचा आणि तिनेच भांडी घासायची. गॅरेज पुरेना म्हणून मंडळाने स्टेशनजवळचा जुना लाकडी हॉल घेतला. आता तिथे देऊळ होणार होतं. अंबाबाई तिथे मधोमध बसणार, हे बाईंनी गृहीत धरलं होतं. पण मंडळाचा अध्यक्ष हरीश होता, आणि हरीश वर्षापूर्वी कंबोडिया बघून आला होता.

तेव्हापासून घरात वरणभाताबरोबर कंबोडिया वाढला जायचा.

"आई, बाराशे वर्षांपूर्वी तिथल्या एका राजाने डोंगरावर ब्राह्मण बोलावून विधी केला. आपण आता कुणाचे मांडलिक नाही, आपण चक्रवर्ती, असं त्या विधीने ठरलं. त्यातून देवराजाची पूजा सुरू झाली. राजधानी हलली की देवही हलायचा."

"आणि पुजारी कोण?"

"एकच घराणं. पिढ्यान्‌पिढ्या. पण गंमत म्हणजे हक्क बापाकडून मुलाकडे नाही, आईच्या बाजूने जायचा. मामाकडून भाच्याकडे."

"शहाणी होती माणसं," बाई म्हणाल्या आणि त्याला तूप जास्त वाढलं.

पुढचं ऐकून मात्र त्यांचा हात आखडला. राजा शिवलिंग स्थापायचा आणि त्याला स्वतःचं नाव द्यायचा, पुढे ईश्वर जोडून. राजा मेला की त्याचं नाव बदलायचं: हा शिवलोकी गेला, तो विष्णुलोकी गेला. तिकडच्या जावा बेटावर तर एका राजाला मेल्यावर शिव आणि बुद्ध दोन्ही करून पुजला. कंबोडियात सगळ्यांत जास्त देवळं बांधणाऱ्या राजाने, आठशे वर्षांपूर्वी, बुद्धाला मानूनही दरबारात ब्राह्मण ठेवले, आणि बापासाठी बांधलेल्या देवळात पश्चिमेला विष्णू, उत्तरेला शिव बसवला.

"बापासाठी देऊळ?" बाईंनी विचारलं.

"हो ना! बापाला लोकेश्वर केला. करुणेचा बोधिसत्त्व. आणि आईला प्रज्ञापारमिता, म्हणजे ज्ञानाची देवी, सगळ्या बुद्धांची आई. तिचं देऊळ आधी, बापाचं नंतर. मूर्ती देवाच्या, पण ओळख आईबापाची." हरीशचे डोळे पाणावले होते. "केवढी मातृभक्ती, बघ."

"आणि मध्ये कोण?"

"अं?"

"एका देवळात आई, दुसऱ्यात बाप. मध्ये कोण बसला?"

हरीशने पाण्याचा घोट घेतला. "मध्ये बुद्ध. नागाच्या वेटोळ्यावर बसलेला. राजाने शहराच्या मधोमध स्वतःचं मोठं देऊळ बांधलं, त्यात."

"कुणासारखा दिसायचा?"

"आई, तू ना फार संशयी आहेस."

"बरं, त्या बुद्धाचं पुढे काय झालं?"

"पुढचा एक राजा शिवभक्त निघाला. भिंतींवरचे बुद्ध छिन्नीने खरवडून काढले. आणि ती मधली मूर्ती..." त्याने ताटातला भात सारखा केला. "फोडून गाभाऱ्याखालच्या खड्ड्यात टाकली. शेकडो वर्षांनी तुकडे सापडले."

बाईंनी नुसतं "हं" केलं. त्यांच्या "हं"ला घरात सगळे घाबरायचे.

चार-सहा महिन्यांनी हॉलमध्ये तीन लाकडी पेट्या येऊन पडल्या. कंबोडियातल्या कारागिरांकडून घडवून आणलेल्या दगडी मूर्ती. हरीशने त्या चौथऱ्यांवर चढवल्या, वर पांढरे कपडे टाकले आणि सांगितलं की रविवारी प्रतिष्ठा होईपर्यंत कोणी कापड उचलायचं नाही. देव, देवी आणि बुद्ध असं सगळ्यांना सामावून घेणारं देऊळ होईल. मंडळात बौद्ध कुटुंबंही आहेत ना!

हे सामावून घेणं बाईंना पचेना. त्यांनी कल्याणीला फोन केला. कल्याणी हॉस्पिटलात नर्स, नागपूरची, बौद्ध. गुरुवारी भजन म्हणायची नाही, पण पोहे सगळ्यांत चांगले तीच करायची.

"कल्याणी, तुम्ही लोकांनी बुद्ध मागितला होता का गं?"

"नाही काकू. विचारलंच नाही कुणी. आणि आमच्याकडे बुद्ध नवसाला पावत नाही, राजाही नाही. राज्य सोडून गेला म्हणून तर तो बुद्ध."

"गाडी घेऊन ये. हॉल पुसायला दिलेली किल्ली माझ्याकडे आहे."

दुपारची वेळ. बाहेर दक्षिणेचा वारा पत्रे वाजवत होता. बाईंनी चपला दाराशी काढल्या आणि उजव्या हाताच्या चौथऱ्यावरचं कापड सरळ ओढलं.

चार हातांचा, माथ्यावर छोटा बुद्ध कोरलेला देव उभा होता. कपाळ ओळखीचं. नाक ओळखीचं. आणि डाव्या कानाची पाळी चिरलेली. त्यांच्या यजमानांची पाळी बाळीने लहानपणीच फाटली होती.

"अगंबाई, हे तर आमचे हे!" बाई मटकन खुर्चीत बसल्या. "जन्मभर उठून पाण्याचा पेला घेतला नाही, आणि करुणेचे देव झाले!"

कल्याणीने तोंडावर हात धरला. मग तिनेच डावीकडचं कापड हळूच उचललं.

कमळ घेतलेली देवी. मागे ओढलेला अंबाडा, वर केलेली हनुवटी, ओठाच्या कोपऱ्यावर तीळ. फाटक्या गाउनमधली म्हातारी त्या दगडात राणीसारखी उभी होती. दमयंतीबाई उठून जवळ गेल्या. खोटं कशाला बोला, त्यांना आवडलं. सासरी कुणी त्यांना कधी आरशासमोर उभं राहू दिलं नव्हतं, आणि इथे कोण कुठल्या कारागिराने त्यांचं तोंड इतकं निगुतीने घडवलं होतं. त्यांनी दगडाच्या गालावर बोट फिरवलं. घटकाभर वाटलं, असू दे. पोराने प्रेमाने केलंय.

"काकू, हिला डोळे नाहीत," कल्याणी म्हणाली.

"नसणारच. डोळे शेवटी उघडतात, प्रतिष्ठेच्या दिवशी. तोवर तो दगडच." बोलता बोलता त्यांची नजर मध्ये गेली. मधला चौथरा दोन्हीकडच्यांपेक्षा हातभर उंच होता. "ते काढ."

सात फण्यांच्या नागाखाली मांडी घालून बसलेला बुद्ध. चेहरा शांत, ओठांवर हसू. हनुवटीला मधोमध खळी, आणि उजव्या भुवईत तुटका भाग. बाईंच्या पोराने तिसरीत झोपाळ्यावरून पडून भुवई फोडून घेतली होती. टाके पडताना त्यांनीच त्याला मांडीवर धरलं होतं.

अंबाबाई कोपऱ्यात होती, झाडूच्या शेजारी, बुटाच्या खोक्यात.

ट्रेनमधून उतरून हरीश थेट हॉलवर आला, गुरुजींच्या सामानाची पिशवी घेऊन. उघड्या मूर्ती पाहून दारातच थबकला.

"आई! मी तुला सरप्राइज देणार होतो. रविवारी तुझ्याच हातून डोळे उघडायचे होते. सोन्याची काडीसुद्धा आणलीय."

"माझ्या हातून माझेच डोळे?"

"तू देवी होणार आहेस, आई. ती आई शेकडो वर्षं पूजली गेली..."

"मेल्यावर ना? मी अजून कढी चांगली करते." बाई उठल्या. "मला एक सांग. देव जो स्थापतो, देऊळ कुणाचं राहतं?"

हरीश पिशवीचा बंद चाळवू लागला.

"तूच सांगितलंस ना, जेवताना. राजाचा देव, राजाचं घराणं, राजाचं गाव. तुला पुढच्या महिन्यात पुन्हा अध्यक्ष व्हायचंय. देवाच्या पोराविरुद्ध कोण उभं राहणार?"

"तसं नाही गं. बाबांचं स्मारक..."

"स्मारक करायचं तर बाबांच्या नावाने स्वयंपाकघरात गिझर बसव. बायकांचे हात थंड पाण्यात गारठतात." त्यांनी मधल्या मूर्तीकडे बोट केलं. "आणि हा कोण? ही भुवई कुणाची?"

"कारागिराने... त्याला माझाही फोटो गेला होता. चुकून."

"चुकून फोटो जातो. चुकून हातभर उंच चौथरा बांधत नाही कोणी."

कल्याणी खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. हरीशचा चेहरा उतरला. पिशवीतली सोन्याची काडी टीचभर कागदात गुंडाळलेली, ती त्याने मुठीत दाबून धरली. क्षणभर तो बाईंना तिसरीतलाच दिसला. पण गॅरेजात गारठून टाळ वाजवणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांनी मन घट्ट केलं.

त्यांनी खोक्यातली अंबाबाई उचलली, पदराने पुसली आणि मधल्या चौथऱ्यावर, दगडी बुद्धाच्या मांडीपुढे, टेकवली. ती वीतभर होती. तरी तिचे डोळे उघडे होते.

"ऐक, हरीश," त्या म्हणाल्या. "तुझ्या राजाने निदान आई मेल्यावर तिला देवी केलं. तू आईला न विचारता देवी केलीस, बापाला पेटीत घालून देव केलास, आणि या पोरीच्या बुद्धाच्या तोंडावर स्वतःचं तोंड चिकटवलंस. इथे खड्डा नाही म्हणून तुझी मूर्ती फोडत नाही. तुझ्या बागेत नेऊन ठेव, पक्षी बसतील. रविवारी अंबाबाई बसेल, आणि प्रसादाची भांडी तू घासशील. राजा व्हायची तुझी लायकी नाही, बाळा. माणसाचं पोर आहेस, तेवढं नीट हो."