पंपवाल्याचं जुनं खातं

फेसबुकचे उत्तर पुन्हा तेच आले. ओळखपत्रावरचे नाव खात्यावरच्या नावाशी जुळत नाही.

जैनुद्दीनने फोन गल्ल्यावर आपटला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने पंप उचलून मांडीवर घेतला, न जाणो चाचा त्याच्यावरही राग काढायचा.

"जुळंल कसं?" जैनुद्दीन म्हणाला. "आधारवर शेख जैनुद्दीन हाये. खात्यावर जैनुद्दीन पंपवाले हाये. आता सरकारकडून पंपवाले म्हनून कार्ड करून आनू का मी?"

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलाजवळ त्याचे फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान होते. खाते उघडताना दुकानाच्या पाटीवर होते तेच नाव त्याने टाकले. बाजारात सगळ्यांनी तसेच केले होते. कोणी बियाणेवाले होते, कोणी मोटरवाले. माणसाला ओळखायचे ते धंद्यावरून, त्यात चूक काय, असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते.

त्या खात्यावर तो व्हिडिओ टाकायचा. नोझल कसे साफ करायचे, पंप पाठीवर गळत असेल तर वॉशर कसा बदलायचा, वाऱ्याच्या तोंडी उभे राहून फवारणी का करायची नाही. आदल्या वर्षी फवारणीतल्या विषाने यवतमाळकडे माणसे मेली, त्यानंतर तर तो दर व्हिडिओच्या शेवटी बजावायचा की दोन औषधे एका पंपात मिसळू नका. मागून त्याची बायको बिस्मिल्लाबी ओरडायची, "अजी, चाय ठंडी हो रही," तेही व्हिडिओत यायचे. लोकांना तेच जास्त आवडायचे. मित्रांची संख्या पाच हजारांवर येऊन थांबली, आणि त्यापुढे फेसबुक मित्र घेऊ देत नाही म्हणून खेड्याखेड्यांतले लोक वाट बघत राहिले.

मग ऐन फवारणीच्या दिवसांत एका ओळखीच्या दुकानदाराच्या खात्यावरून निरोप आला. भाचा स्पर्धेत उतरला आहे, मत द्या. तुमच्या फोनवर आकडे येतील, तेवढे पाठवा. जैनुद्दीनने पाठवले. ते आकडे त्याच्याच खात्याचा पासवर्ड बदलण्याचे होते, आणि त्या दुकानदाराचे खाते आधीच चोरीला गेले होते. चहा संपेपर्यंत जैनुद्दीन स्वतःच्या खात्याबाहेर होता. चोराने आत शिरून त्याचा नंबर काढला आणि आपला घातला.

ईमेलचा रस्ता उरला होता. चोराने नंबर बदलला तेव्हा फेसबुकने जुन्या ईमेलवर इशारा नक्कीच पाठवला असणार. पण तो ईमेल त्याला पहिला फोन विकणाऱ्या दुकानातल्या पोराने काढून दिला होता. पासवर्ड त्या पोरालाच ठाऊक. दुकान कधीच उठले होते, पोरगा सुरतेला गेला होता, आणि तो फोन पाण्यात पडून भंगारात गेला होता.

त्याची मुलगी आरजू अमरावतीला राजापेठेत शिकवणीचे वर्ग घ्यायची. तिने फोनवर सगळे विचारून घेतले आणि सरळ सांगितले, "अब्बा, नंबर गेला, ईमेल गेला, ओळखपत्र चालत नाही. चौथं दार नाही. नवीन खातं उघडा आणि सगळ्यांना सांगा, जुनं चोराच्या हातात आहे."

"आन् माहे व्हिडिओ? ते त्याच्या बापाचे हायेत?"

"तुम्ही जितके दिवस भांडाल, तितके दिवस तो तुमच्या तोंडानं बोलेल."

"तू शिकवू नको मले. पोलिसात अर्ज देल्ला हाये."

अर्ज खरेच दिला होता. सायबरच्या खोलीतल्या शिपायाने तो नीट वाचून घेतला, पोच दिली, आणि आरजूसारखेच बोलला: वेळ लागेल, तोवर लोकांना कळवा. जैनुद्दीन त्याच्यावरही चिडला.

कळवले त्याने, पण अर्धेच. जगाला शहाणपण शिकवणारा पंपवाला आकडे सांगून बसला, हे त्याच्या तोंडातून निघेना. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने गिऱ्हाइकांना लिहिले, "खात्यात थोडी अडचण आहे. खाते आपलेच आहे, लवकर सुरळीत होईल. कोणी सोडू नका, कोणी तक्रार करू नका." तक्रारी वाढल्या तर फेसबुक खातेच बंद करील आणि व्हिडिओ जातील, ही त्याची भीती. बिस्मिल्लाबीने ते वाचले.

"चोरी हुई बोलने में क्या शरम?"

"तुले नाई समजत."

"मेरे को सब समजता. तुमको नाक प्यारी है."

चोर काही दिवस गप्प होता. मग त्या खात्यावर जैनुद्दीनचाच फोटो लावून मजकूर आला: बोंडअळी एका फवारणीत साफ, तीन औषधे एकाच पंपात मिसळा, त्यातली खास बाटली मागवण्यासाठी खालच्या नंबरवर फोन करा. जैनुद्दीनने तो पाहिला तेव्हा संताप डोक्यात गेला. त्याने बिस्मिल्लाबीच्या खात्यावरून खाली लिहिले की हे खोटे आहे. चोराने ते पुसले आणि बिस्मिल्लाबीला ब्लॉक केले. मग जैनुद्दीन पुन्हा फेसबुकचा अर्ज भरायला बसला. या वेळी दुकानाच्या परवान्याचा फोटो जोडला, कारण त्यावर तरी पंपवाले होते. उत्तराची वाट पाहायची, एकदा खाते हातात आले की पहिला तो मजकूर काढायचा, असे त्याने मनाशी ठरवले.

उत्तराऐवजी दुर्गाबाईचा फोन आला. ती दहीहांड्याकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरचा पंप दर वर्षी त्याच्याकडे यायचा.

"चाचा, माहा नितेश सरकारी दवाखान्यात हाये. सलाईन लावली. या इकडं, तोंड दाखवा."

तो गेला. नितेश खाटेवर पडला होता, डोळे लाल, ओठ कोरडे, उलट्यांनी पोट खपाटीला गेलेले. डॉक्टर म्हणत होते की वेळेवर आणला, वाचेल. दुर्गाबाई उठली नाही, बसा म्हणाली नाही.

"तुमीच म्हनत होते ना, मिसळू नका म्हनून?"

"मी नाई टाकलं ते, दुर्गाबाई. खातं चोरीले गेलं."

"कधी?"

तो सलाईनच्या बाटलीकडे बघू लागला.

"मी इचारतो, कधी गेलं?" तिने नितेशचा फोन उशाखालून काढला आणि त्याच्यापुढे धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचाच निरोप उघडा होता. "मले वाचता येते. मी म्हनलं पोराले, चाचा असं नाई सांगत, फोन करून इचार. तर मले म्हने, आई, चाचानंच लिवलं, खातं आपलंच हाये, सोडू नका. हे तुमी लिवलं का तेही चोरानं?"

"मी लिवलं."

"काहून?"

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा ऐकत होता. जैनुद्दीनने मान खाली घातली नाही.

"वाटलं, खातं परत येईन," तो म्हणाला. "आतापावतोचं सारं काम होतं त्यात."

"आन् माहं पोरगं?"

नितेश कसाबसा म्हणाला, "जाऊ दे ना माय."

"तू चूप बस. बाटली मागवतानी इचारलं होतं मले?" तिने पुन्हा जैनुद्दीनकडे पाहिले. "आमच्या गावात अजून चौघं-पाचजनं ते घोळून राहिले. त्याईले कोन सांगन? तुमचं फेसबुक?"

बाहेर येऊन तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. राग अजून होताच, पण सगळ्यात वाईट म्हणजे तो आता चोरावर टिकत नव्हता. चोराला नाव हवे होते. ते नाव जिवंत ठेवायचे काम आपण केले, फुकटात, रोज अर्ज भरून. त्याने आरजूला फोन लावला.

"खरं नाव टाकून उघड," तो म्हणाला. "आधारवरचं. ईमेल माह्यासमोर काढ, पासवर्ड माह्या हातानं लिवीन. आन् ते दोनदा कुलूप लावाचं असते म्हनत होती, तेही लाव."

"आणि जुनं?"

"मारून टाकू."

नवीन खाते उघडले, पण चोर तयारच होता. जुन्या खात्यावरून त्याने जाहीर केले: माझ्या नावाचे खोटे खाते फिरत आहे, सावध राहा. जुन्यावर पाच हजार माणसे, नव्यावर घरची सात. संध्याकाळपर्यंत लोकांनी नव्याचीच तक्रार केली आणि त्यावर दिलेल्या नंबरवर फोन करून पंपवाल्यालाच शिव्या घातल्या, की चाचाच्या नावावर धंदा करतो काय रे. जैनुद्दीन म्हणाला, मीच चाचा. समोरचा हसला आणि फोन ठेवला.

"अब?" बिस्मिल्लाबीने विचारले.

"आता तोंड घेऊन जातो. तोंडाची तर नक्कल नाई ना होत."

सकाळी त्याने दुकानाच्या दारावर खडूने लिहिले, 'जुने खाते चोरीला गेले. चूक माझी.' व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच टाकले. फोनमध्ये जेवढ्या गिऱ्हाइकांचे नंबर होते त्यांना एकेक करून फोन लावत, एसटीने तो दुर्गाबाईच्या गावी पोचला. सरपंचाने ग्रामपंचायतीचा भोंगा दिला. पाण्याच्या पाळीचा पुकारा व्हायचा त्याच भोंग्यावर तो बोलला. चोराने मागितलेले आकडे आपण दिले, लाजेपायी ते लपवले, आणि त्यात नितेश दवाखान्यात पडला, हे त्याने सांगितले. ज्यांच्या घरी ती बाटली असेल त्यांनी ती उघडू नये, आणि फोन घेऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर यावे.

लोक आले. बोलणीही बसली. किसनराव नावाचा एक म्हातारा म्हणाला, "तुहा भरोसा होता बाप्पा, म्हनून तं वाचत होतो. आता कोनाचं वाचाव?" एकाने बाटली आणून त्याच्या पायाशी ठेवली आणि निघून गेला. पोरांना त्याने दाखवले, की जुन्या खात्यावर जायचे, वरचे तीन ठिपके दाबायचे, तक्रार निवडायची, दुसऱ्याचे सोंग घेतले आहे असे सांगायचे, मग ब्लॉक करायचे. ज्यांना जमत नव्हते त्यांचे फोन त्याने स्वतः हातात घेतले. प्रत्येक फोनवर तोच फोटो होता, खांद्यावर पंप घेतलेला, हसणारा. खाली बिस्मिल्लाबीच्या हाकेचे व्हिडिओ होते. तो दाबत गेला.

दुर्गाबाई दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली होती. ती सगळ्यांत शेवटी ओट्यापाशी आली आणि नितेशचा फोन पुढे केला.

"यातलंही."

त्याने फोन घेतला. सोंग कोणाचे, असे फोनने विचारले. स्वतःचे, मित्राचे की नामवंताचे. त्याने 'मित्र' दाबले, आणि मग जुने खाते या फोनवरूनही ब्लॉक केले.

"बंद होईन का आता ते?" तिने विचारले.

"ते त्याईच्या हातात हाये. पन तुमच्या घरात नाई दिसनार."

"अन् नवीन कोन्तं?"

"शेख जैनुद्दीन."

तिने फोन कमरेला खोचला. "पोरगं उठू द्या. मंग तोच ठरवन, जोडाचं का नाई ते," ती म्हणाली आणि कपड्यांचे गाठोडे उचलून एसटीच्या फाट्याकडे चालू लागली. जैनुद्दीनला त्याच गाडीने परत जायचे होते. तो बाटल्या पिशवीत भरून तिच्या मागे, थोडे अंतर ठेवून, निघाला.